मोडी कागदावरचं लघुचित्र: कागद जुना, पण चित्र कधीचं?

प्रश्न: बडोद्याच्या आमच्या जुन्या घरात आजोबांच्या पेटीत एक लघुचित्र सापडलं. राजस्थानी वेशातली बाई आहे, हातात कमळ. मागच्या बाजूला मोडीत मजकूर आहे, कागद पिवळा पडलाय, किड्यांची भोकं आहेत. एक व्यापारी म्हणाला अडीचशे वर्षांपूर्वीचं, किशनगढचं आहे. दुसरा म्हणाला पर्यटकांसाठी केलेली नक्कल आहे. काय खरं ते घरच्या घरी कसं कळेल?

उत्तर:

मी गेली तीसेक वर्षं बडोद्यात जुन्या कागदांच्या जतनाचं काम करतो. पोथ्या, सनदा, नकाशे आणि अधूनमधून लघुचित्रं माझ्याकडे येतात. तुमचं पान मी पाहिलेलं नाही, तेव्हा त्याबद्दल निकाल देत नाही. मात्र जवळपास असंच एक पान रावपुऱ्यातल्या एका काकूंनी माझ्याकडे आणलं होतं. ते कसं तपासलं ते सांगतो, म्हणजे त्याच क्रमाने तुम्हाला तुमचं पान पाहता येईल.

दोन्ही व्यापारी बहुधा कागद आणि चेहरा एवढंच बघून बोलले असावेत. जुना कागद मिळवणं अजिबात कठीण नाही. आपल्याकडे वाडे पाडले, वाटण्या झाल्या, तेव्हा मोडी दप्तरांचे गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत किलोवर गेले. त्यातले कोरे आणि अर्धे लिहिलेले कागद राजस्थानात चित्रकारांपर्यंत पोचतात. जुन्या संस्थानी स्टँप पेपरवर काढलेले हत्ती, घोडे आणि उंट तुम्ही उदयपूर-जयपूरच्या दुकानांत पाहिले असतील. तो कागद खरोखरच शंभर-सव्वाशे वर्षांचा असतो आणि चित्र मागच्या महिन्यातलं. काढणारा कारागीर ते नवं म्हणूनच विकतो, त्यात लपवाछपवी नसते. फसवणूक होते ती पुढे, चार हात बदलल्यावर.

म्हणून मी कागदाचं वय आणि चित्राचं वय हे दोन वेगळे प्रश्न मानतो. त्या पानावर काय काय घडलं आणि कोणत्या क्रमाने घडलं, हे आधी शोधतो. कागद तयार झाला, कुणी तरी लिहिलं, किड्याने खाल्लं, घडी पडली, पाणी लागलं, कुणी तरी रंग लावला. या घटनांच्या रांगेत रंगाची जागा कुठे येते ते कळलं की अर्धं काम झालं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक साधी टॉर्च, दिवसाउजेडी एक खिडकी आणि पुढे सांगतो तो अतिनील दिवा, एवढं पुरतं.

काकूंचं पान साधारण वहीच्या पानाएवढं होतं. समोर किशनगढी धाटणीची बाई, लांब बाकदार डोळा, टोकदार नाक, पारदर्शक ओढणी. मागे मोडी. चित्राला चार भोकं, उजवीकडे पाण्याचा एक तपकिरी डाग आणि मधोमध आडवी घडी. घरातल्या सगळ्यांची समजूत अशी की एवढा जीर्ण कागद म्हणजे चित्र जुनंच.

पहिलं काम म्हणजे पान खिडकीच्या काचेसमोर, काचेला न टेकवता, दोन्ही हातांच्या तळव्यांवर आधार देऊन धरायचं आणि आरपार बघायचं. मोडी लिहिणारे कारकून आधी पानभर आडव्या रेघा ओढत आणि मग त्या रेघेला अक्षरं लटकवत. काजळीची शाई फिकी पडत नाही, त्यामुळे उजेडासमोर या रेघा स्पष्ट दिसतात. आता इथे एक बारकावा आहे आणि तो लोक नेहमी चुकवतात. समोरून पाहताना मागच्या बाजूचा मजकूर उलटा, आरशात दिसावा तसा दिसतो. तसा दिसला तर त्यातून काहीच ठरत नाही. जुन्या चित्रकारांनीही लिहिलेला कागद पुन्हा वापरलेला आहे. कागद महाग होता, आणि वसलीच्या, म्हणजे खळीने एकावर एक चिकटवलेल्या थरांच्या जाड कागदाच्या, आतल्या थरांत रद्दी सापडणं नवलाचं नाही. पण समोरून पाहताना काही अक्षरं सुलटी दिसली, तर ती समोरच्याच बाजूला, रंगाच्या खाली आहेत.

काकूंच्या पानावर बाईच्या घागऱ्याखालून आणि मागच्या आकाशाखालून सुलट्या रेघा जात होत्या. म्हणजे कारकुनाने दोन्ही बाजूंनी पान भरून लिहिलं होतं आणि चित्र त्या लिखाणावर चढवलं होतं. सचित्र पोथीत असं होत नाही. तिथे लेखक आधी लिहितो, पण चित्राची चौकट कोरी सोडून लिहितो. जैन कल्पसूत्रांच्या पोथ्यांत तर कधी कधी समासात चित्रकारासाठी छोटी सूचनाही असते, इथे अमुक प्रसंग काढ म्हणून. चित्राच्या पोटातून मजकुराच्या ओळी सलग जात असतील तर पोथी आणि चित्र यांचा एकमेकांशी संबंध नाही.

तुम्ही हे केल्यावर चित्राच्या खाली पांढरं अस्तर जाड असेल तर काही दिसणार नाही, सगळी आकृती काळी सावलीसारखी दिसेल. नकला करणारे लिखाण झाकण्यासाठी असं जाड अस्तर देतात. तेव्हा चित्राच्या कडेला, जिथे अस्तर संपतं, तिथे बघा. अक्षर अर्धं बाहेर आणि अर्धं रंगाखाली गेलेलं सापडलं की तेवढं पुरे.

काकूंच्या बाबतीत नशीब असं की मागच्या बाजूच्या मजकुरात संवत होतं. तो दाणावैरणीचा हिशेब होता आणि संवत 1932 लिहिलेलं होतं, म्हणजे इसवी सन 1875-76. सयाजीराव महाराज गादीवर आले तो काळ. समोरचा मजकूर त्याच हिशेबाचा पुढचा भाग होता, हात तोच, शाई तीच. हिशेब आधी, चित्र नंतर, हे तर ठरलंच होतं. तेव्हा ते चित्र 1875 च्या आधीचं असणं शक्यच नव्हतं. अडीचशे वर्षांचा दावा तिथेच संपला. पण 1880 चं की 1980 चं, हे अजून कळायचं होतं. तुमच्या पानावरचं मोडी एखाद्या जाणकाराकडून वाचून घ्या. बडोद्यात मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. कितीतरी लोक चित्राकडे तासन्‌तास बघतात आणि मागचा मजकूर वाचून घ्यायचं सुचत नाही.

मग किड्यांची भोकं. कसर कागद वरवर खरवडून खाते, त्याने पृष्ठभाग पातळ होतो. आरपार गोल भोकं पाडणारा किडा वेगळा, ती भुंग्याची अळी असते. भिंगातून भोकाच्या कडा बघा आणि टॉर्च पानाला जवळजवळ समांतर, बाजूने मारा. चित्र आधी आणि किडा नंतर असेल तर रंगाचा थर भोकाच्या कडेला तुटलेला दिसतो, थेट काठापर्यंत आलेला आणि तिथे कापलेला. भोकाच्या आतल्या भिंतीत कागदाचे तंतू उघडे आणि कोरडे असतात. किडा आधी आणि चित्र नंतर असेल तर रंग काठावरून आत उतरलेला असतो. भोकाच्या भिंतीवर निळा किंवा हिरवा ओघळ दिसतो, काठावर रंगाची छोटी गोल कड जमलेली असते, आणि कधी कधी कुंचला भोकाला वळसा घालून गेल्याची खूण सापडते. काकूंच्या चारांपैकी तीन भोकांत आकाशाचा निळा आत उतरला होता.

चौथं भोक जास्त बोलकं निघालं. ते मागून कागदाचा तुकडा चिकटवून बुजवलं होतं आणि चित्राचा रंग त्या तुकड्यावरूनही सलग गेला होता. म्हणजे आधी भोक, मग दुरुस्ती, मग चित्र. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे कामी येतो.

घडी आणि डाग यांचंही असंच. जुन्या चित्राला नंतर घडी पडली तर घडीच्या रेषेवर रंग उडतो, खालचं पांढरं अस्तर आणि त्याखाली कागद दिसतो, आणि त्या चिरेत वर्षानुवर्षांची धूळ बसून ती काळपट होते. आधीच घडी असलेल्या कागदावर रंगवलं तर रंग त्या खळग्यात सलग उतरतो. कुणी रंगवल्यावर मुद्दाम घडी घातली तर चीर पडते, पण ती स्वच्छ असते. पाण्याचा डागही बघा. खरा डाग कागदातून जातो तसा रंगातूनही जातो, डिंक विरघळून रंग थोडा सरकतो, डागाच्या काठावर साचतो. काकूंच्या पानावर डाग बाईच्या ओढणीपाशी येऊन रंगाखाली नाहीसा होत होता आणि पलीकडे पुन्हा दिसत होता.

इथपर्यंत आम्ही एकाही रंगाचं नाव घेतलं नव्हतं. रंगांची पाळी मुद्दाम नंतर ठेवतो, कारण त्यांच्याकडून फक्त एक गोष्ट कळते: चित्र अमुक काळाच्या आधीचं नाही. हिंगूळ, हरताळ, गेरू, नीळ, काजळी हे रंग चारशे वर्षांपूर्वी होते आणि आजही बाजारात मिळतात. जयपूर-उदयपूरचे चांगले कारागीर आजही दगड घोटून रंग करतात. म्हणून जुना रंग सापडला म्हणजे चित्र जुनं असं होत नाही. नवा रंग सापडला तर मात्र चित्राचा तेवढा भाग नवा, यात शंका नाही.

यासाठी 365 नॅनोमीटरची अतिनील टॉर्च घ्या. नोटा तपासायला मिळते ती स्वस्तातली जांभळी टॉर्च बहुतेक 395 ची असते, तिचा जांभळा उजेडच एवढा पडतो की फिकी चमक त्यात बुडून जाते. खोली पूर्ण काळोखी करा, डोळ्यांवर संरक्षक चष्मा घाला आणि दिवा पानावर फार वेळ धरू नका, एका जागी काही सेकंद पुरतात.

आधी पांढरा रंग बघा, कारण सगळ्यात जास्त चुगली तोच करतो. जुन्या चित्रांतला पांढरा बहुतांशी शिशाचा सफेदा. टायटॅनियमचा पांढरा बाजारात आला तो 1920 च्या आगेमागे, आणि आजच्या पोस्टर कलरच्या पांढऱ्यात तोच असतो. तो अतिनील उजेडात चमकत नाही, मंद जांभळट काळा दिसतो. जस्ताचा पांढरा पिवळट हिरवा चमकतो. जलरंगात त्याचा व्यापारी वापर युरोपात 1834 नंतर पसरला, पण आपल्याकडे मेवाडात जावरला जस्त त्याच्या कितीतरी आधीपासून निघत होतं. त्यामुळे नुसत्या जस्तावरून मी कधी तारीख ठरवत नाही.

मग कागद. 1950 नंतरच्या कारखानी कागदात पांढरेपणा वाढवणारं रसायन घालू लागले. ते अतिनील उजेडात निळं-पांढरं लख्ख चमकतं, धुतलेला शर्ट चमकतो तसं. जुना हातकागद मंद, मळकट दिसतो.

काकूंच्या पानाचा कागद मंद होता, अपेक्षेप्रमाणे, कारण तो खरंच जुना होता. पण पान उलटं केलं आणि ते चौथं भोक बुजवणारा तुकडा निळा पेटल्यासारखा दिसला. मघाचा क्रम आठवा. तुकडा आधी, चित्र नंतर. तुकडा 1950 नंतरच्या कागदाचा, म्हणजे चित्र त्याच्याही नंतरचं. बाईच्या मोत्यांचा पांढरा काळा दिसत होता, तो टायटॅनियमचा असावा हा अंदाज होता. पुढे एका प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या उपकरणाने, पानाला न खरवडता तपासणी झाली आणि अस्तरापासून मोत्यांपर्यंत सगळीकडे टायटॅनियम निघालं. त्या तपासणीची खरं तर गरज नव्हती, पण काकूंच्या मुलाला कागदावर काही तरी हवं होतं.

या दिव्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण अर्धवट माहितीने खऱ्या चित्रांचा बळी जातो. एका ठिकाणी टायटॅनियम दिसलं म्हणून चित्र खोटं ठरत नाही. कुणी तरी पन्नास वर्षांपूर्वी उडालेला रंग भरला असेल. टायटॅनियम थोड्या प्रमाणात मातीच्या रंगांतही असतं. ते कुठे आहे ते बघायचं: एका कोपऱ्यातल्या दुरुस्तीत की सगळ्या चित्राच्या खालच्या थरात. तसंच फ्रेमवाल्याने चमकणाऱ्या कागदावर पान चिकटवलेलं असेल तर ती चमक फ्रेमवाल्याची, चित्राची नव्हे. कुणी साबणाच्या पाण्याने पुसलं असेल तरी डाग चमकतात.

कार्बन पद्धतीने वय काढता येईल का, असं काकूंच्या मुलाने विचारलं होतं. या कामी तिचा उपयोग नाही. एक तर ती कागदाचं वय सांगेल, चित्राचं नाही, आणि त्यासाठी कागदाचा तुकडा जाळावा लागेल. शिवाय 1650 ते 1950 या काळासाठी त्या पद्धतीचा आलेख असा वरखाली होतो की एकाच मोजमापाला तीन-चार वेगवेगळे काळ लागू पडतात. लघुचित्रांचा बहुतेक प्रश्न नेमका त्याच तीनशे वर्षांतला असतो.

त्याच काकूंच्या पेटीत, कापडात गुंडाळलेलं दुसरं एक पान होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलंही नव्हतं, कारण ते खराब दिसत होतं. तळव्याहून थोडं मोठं, लाल पार्श्वभूमी, कृष्ण आणि दोन गोपी, वर पिवळ्या पट्टीत देवनागरी ओळ. गोपींच्या मोत्यांच्या जागी काळे ठिपके, झाडाचा हिरवा चिरडलेला. घरच्यांना वाटत होतं की हे कुणा शिकाऊ मुलाचं काम.

ते काळे ठिपके पाहूनच माझं लक्ष गेलं. शिशाचा सफेदा हवेतल्या गंधकाच्या वायूने काळा पडतो. डिंकात कालवलेला, तेलाचं आवरण नसलेला सफेदा जास्तच. जुन्या लघुचित्रांत मोती, डोळ्यांचे पांढरे कोपरे, ओढणीची किनार काळी किंवा राखाडी झालेली असते ती यामुळे. नक्कल करणारा मोती पांढरेच काढतो, कारण तो पाहतो ते छापील चित्र, आणि गिऱ्हाईकालाही पांढरेच हवे असतात.

मग पान उलटं केलं. झाडाच्या हिरव्याच्या बरोबर मागे कागद तपकिरी, भाजल्यासारखा झाला होता, पानांच्या आकारासकट. तो हिरवा जंगालाचा. तांब्यावर आंबट चढवून हा रंग करतात आणि तो कागदाला हळूहळू खातो. आधी मागे तपकिरी छाया, मग चिरा, आणि शेवटी हिरव्या भागाचा तुकडाच गळून पडतो. पोथ्यांच्या चौकटीच्या हिरव्या रेषा अशाच कापल्या जाऊन पान मधून चौकटीसारखं सुटं होतं, हे मी अनेकदा सांधलं आहे. ही जळण चहाच्या पाण्याने आणता येत नाही, कारण ती रंगाच्या आकाराबरहुकूम असते. पण उलट नियम करू नका. हिरव्यामागे जळण नाही म्हणून चित्र नवं असं नाही. नीळ आणि हरताळ मिसळून केलेला हिरवा, किंवा खनिज हिरवा, कागदाला काही करत नाही.

अतिनील उजेडात या पानाची पिवळी पट्टी सोन्यासारखी झळाळली. तो गोगुली. गाईंना आंब्याची पानं खाऊ घालून त्यांच्या मूत्रातून हा रंग काढत. बिहारात मुंगेरजवळच्या गवळ्यांकडून तो कसा होतो याचं वर्णन 1883 मध्ये नोंदलं गेलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बाजारातून गेला. म्हणून हाच एक जुना रंग असा आहे की जो सापडला तर मला धीर येतो. आजच्या कारागिराला तो सहजासहजी मिळत नाही. अर्थात पिवळी चमक देणारे काही आधुनिक रंगही आहेत, त्यामुळे ही चमक एकटी नव्हे, तर काळे मोती, जंगालाची जळण आणि भोकांचे कापलेले काठ यांच्या सोबतीने वाचायची. भोकांचं तर स्पष्ट होतं: लाल रंग काठाला तुटलेला, आत कोरे तंतू.

आता शैली. अनेक जाणकार शैलीपासून सुरुवात करतात, मी शेवटी येतो, कारण डोळा सगळ्यात लवकर फसतो. किशनगढच्या राधेचा तो चेहरा सावंतसिंहाच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, निहालचंद या चित्रकाराच्या हातून घडला. 1973 साली तो टपाल तिकिटावर आला, आणि आज कॅलेंडरं, ट्रे, चादरी सगळीकडे आहे. एवढा ओळखीचा चेहरा दिसला की मी उलट जास्त सावध होतो. त्या मानाने रागमालेचं एखादं अनोळखी पान किंवा भागवतातला आडवळणाचा प्रसंग नक्कल करणारे फारसे हाती घेत नाहीत, कारण ते पर्यटकाला लगेच विकलं जात नाही.

नकलेची रेघ ओळखायची तर दागिने आणि ओढणी बघा. मूळ चित्रकाराला माहीत असतं की मोत्यांची माळ दोऱ्यात ओवलेली आहे. ती ओढणीखाली जाते आणि पलीकडे जिथे यायला हवी तिथेच बाहेर येते. छापील चित्रावरून गिरवणाऱ्याला ते बारीक भाग दिसलेलेच नसतात. त्यामुळे माळ मध्येच संपते, किंवा मोती हवेत ठिपक्यांसारखे तरंगतात. काकूंच्या पहिल्या पानावर कमळ धरलेल्या बोटांतून देठ जातच नव्हता, वर फूल होतं आणि खाली काहीच नव्हतं. रेघेची जाडीही बघा. मुरलेल्या हाताची रेघ हनुवटीपाशी बारीक होते आणि गालावर किंचित भरते, एका श्वासात ओढलेली असते. गिरवलेली रेघ सगळीकडे सारखी जाड आणि मध्येच थबकलेली.

पृष्ठभाग तिरप्या उजेडात बघितला तर आणखी एक फरक दिसतो. जुन्या पद्धतीत चित्र मधूनमधून पालथं घालून मागून अकीकाने घोटत. त्याने रंग कागदात दबून एकजीव होतो आणि सगळीकडे सारखी मंद झिलई येते. पोस्टर कलर घोटलेला नसतो, कुंचल्याच्या फटकाऱ्याचे काठ उचललेले दिसतात. मात्र आजचा उत्तम कारागीर घोटतोच, तेव्हा झिलई असली म्हणून जुनं असं नाही.

पोशाखातल्या चुकाही मिळतात. अकबराच्या तरुणपणाचा दरबार म्हणून विकल्या जाणाऱ्या चित्रात हुक्का दिसला तर ते चित्र त्या काळचं नाही. तंबाखू अकबराच्या दरबारात पोचली ती त्याच्या अखेरच्या वर्षांत, 1604-05 च्या सुमारास, विजापूरहून. जामा हिंदू डाव्या बगलेत बांधत आणि मुसलमान उजव्या. छायाचित्र उलटं छापलं गेलं आणि त्यावरून नक्कल केली की राजपूत सरदाराचा जामा उजवीकडे बांधलेला दिसतो. एवढं सोडलं तर पोशाखावरून काळ ठरवणं मी त्या विषयाच्या अभ्यासकांवर सोपवतो. काकूंचं दुसरं पान मला 1700 च्या आगेमागे मेवाडातलं वाटलं. ते माझं मत आहे, पुरावा नव्हे.

तुमच्या पानाला हात लावायच्या आधी दोन गोष्टी कृपा करून करू नका. ओला कापूस फिरवून रंग सुटतो का ते बघू नका. एका व्यापाऱ्याने माझ्या समोर एका चांगल्या पानावर तसं केलं होतं आणि कृष्णाचा अर्धा पाय घालवला. डिंकातला रंग नवा असो की जुना, पाण्याने सुटतोच. त्यातून काही कळत नाही, चित्र मात्र जातं. दुसरं, मागचं मोडी नीट दिसावं म्हणून चिकटवलेला पाठीचा कागद सोलू नका. आणि लॅमिनेशन तर कधीच नाही.

आज घरी एवढं करा. पान स्वच्छ कोऱ्या कागदावर ठेवा. टॉर्च बाजूने मारून प्रत्येक भोकाचा जवळून फोटो काढा, मग उजेडासमोर धरून पूर्ण पानाचा समोरून एक आणि मागून एक. मागच्या मजकुराचा सरळ उजेडात एक फोटो. भोकांच्या काठाला रंग तुटलेला दिसला, रंगाखाली सुलटी अक्षरं नसली आणि मोती काळवंडलेले असले, तर पान फ्रेमवाल्याकडे न नेता कमाटी बागेतल्या संग्रहालयात किंवा विद्यापीठाच्या संग्रहालयशास्त्र विभागात चौकशी करा. शंभर वर्षांहून जुन्या लघुचित्राची 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली नोंदणी करावी लागते, आणि ते देशाबाहेर विकता किंवा पाठवता येत नाही. हे तुमच्या घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, परदेशातल्या भावंडांनाही. भोकांत रंग उतरलेला दिसला तर प्रश्न तिथेच मिटला, पण मागचं मोडी तरी वाचून घ्याच. काकूंच्या त्या हिशेबात त्यांच्या पणजोबांच्या तबेल्यातल्या घोड्यांची नावं निघाली, आणि ते पान आता त्यांनी मोडीची बाजू समोर ठेवून लावलं आहे.